पिकातून पीक किती उरते?

अमरावतीच्या राजापेठेतून बडनेऱ्याच्या वाटेला लागा. शहराची वस्ती संपली की दोन्ही बाजूंना शेते दिसू लागतात. कपाशी, तूर, ज्वारी, आणि आता सोयाबीनही. या शेतांतला कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे रुई आणि सरकी वेगळी होते. सरकी तेलाच्या गिरणीत जाते, तेल निघते आणि मागे पेंड राहते. ती पेंड पुन्हा गावी येते आणि गोठ्यातल्या बैलाच्या, गाईच्या दावणीत पडते. त्याच बैलाने पुढच्या वर्षी शेत नांगरायचे, म्हणजे पुन्हा कापूस आणि पुन्हा सरकी.

आता एक प्रश्न. शेतातला माल गिरणी खाते, गिरणीतला माल शेती खाते. एकमेकांना खाऊ घालून झाल्यावर गावाच्या हाती काही उरेल की नाही, हे आधी कसे सांगता येईल?

हा हिशेब मांडण्याची रीत वासिली लिऑन्टिफ या अर्थशास्त्रज्ञाने घालून दिली. १९३६ साली त्याने अमेरिकेच्या उद्योगांचा असा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो हे आडव्या-उभ्या ओळींत लिहिले होते. याच कामाबद्दल त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीला आदान-प्रदान विश्लेषण म्हणतात. देशाच्या तक्त्यात शंभराहून अधिक ओळी असतात. आपण दोनच घेऊ: शेती आणि गिरणी. जिनिंगपर्यंतचे काम शेतीतच धरू. पुढचे आकडे मी आकडेमोड सोपी व्हावी म्हणून घेतले आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत.

समजा, एक रुपयाचा शेतमाल काढायला २० पैशांचा शेतमालच लागतो (बियाणे, कडबा) आणि ३० पैशांचा गिरणीमाल लागतो (पेंड). एक रुपयाचा गिरणीमाल काढायला ४० पैशांचा शेतमाल (सरकी) आणि १० पैशांचा गिरणीमाल लागतो. या चार आकड्यांचा चौकोन म्हणजे ‘खपाचा आव्यूह’:

```
            शेतीसाठी   गिरणीसाठी
शेतमाल       ०.२        ०.४
गिरणीमाल     ०.३        ०.१
```

बाहेरगावच्या सूतगिरण्यांना आणि शहराला मिळून ६० लाखांचा शेतमाल हवा आहे. मग एकूण किती पिकवावे लागेल? शेतमाल ‘श’ आणि गिरणीमाल ‘ग’ मानला, तर

```
श = ०.२श + ०.४ग + ६०
ग = ०.३श + ०.१ग
```

दुसऱ्या समीकरणावरून ग हा श च्या एक तृतीयांश येतो. तो पहिल्यात घाला. श = ९० आणि ग = ३०. ताळा करून पाहा: ९० पैकी १८ शेतीने स्वतःच खाल्ले, १२ गिरणीने घेतले, ६० उरले. हिशेब जुळला.

एवढ्यावर तुम्ही म्हणाल, ही तर नेहमीची एकसामयिक समीकरणे! खरी गंमत दुष्काळात आहे.

पाऊस दगा देतो तेव्हा बियाणे पेरून झालेले असते, बैलांनी वर्षभर कडबा-पेंड खाल्लेली असते. खर्च तोच, पीक मात्र अर्धे. म्हणजे दर रुपयाच्या पिकामागे खर्च दुप्पट: शेतीच्या उभ्या ओळीत आता ०.४ आणि ०.६. दोहोंची बेरीज नेमकी एक. रुपया टाकायचा आणि रुपयाच मिळवायचा. शेतीत काहीच उरत नाही, असे कोणालाही वाटेल. पण समीकरणे सोडवा: श = १८०, ग = १२०. ६० लाखांचा माल अजूनही बाहेर जाऊ शकतो! त्याची किंमत मात्र जबर आहे. आधी ९० चे पीक पुरत होते, आता १८० चे हवे, आणि तेही एकरी उत्पन्न अर्धे असताना. म्हणजे जमीन चौपट लागली. पीक अर्धे आले म्हणून जमीन दुप्पट लागेल, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

हे कसे घडते ते पायरीपायरीने पाहा. ६० चा शेतमाल काढायला आधी २४ चा शेतमाल आणि ३६ चा गिरणीमाल लागतो, एकूण ६०. तो काढायला त्याआधीचा २४ आणि १८, एकूण ४२. त्याच्याआधी ३३, मग २४.९, मग सुमारे १९. पहिल्या पावलाला मागणी तसूभरही कमी झाली नाही. पण पुढे गिरणीची बचत मदतीला येते आणि प्रत्येक पाऊल आधीच्या सुमारे ०.७६ पट होत जाते. हा ०.७६ म्हणजेच या आव्यूहाचे सर्वांत मोठे ‘आयगेन मूल्य’. आव्यूहाने पुन्हा पुन्हा गुणत गेले की शेवटी ज्या पटीने सगळे वाढते किंवा घटते, ती पट. ती एकाहून कमी असेल तर पावले लहान होत जातात आणि बेरीज कुठेतरी थांबते. चांगल्या वर्षीच्या आव्यूहाची पट ०.५ आहे. ४० चा शेतमाल आणि ३० चा गिरणीमाल घेऊन स्वतः गुणून पाहा, २० आणि १५ मिळतील. नेमके निम्मे.

आता पीक तिसऱ्या हिश्श्यावर आणू. शेतीची ओळ ०.६ आणि ०.९ होते. दुसरे समीकरण सांगते, ग = श. ते पहिल्यात घातले की डाव्या बाजूला शून्य आणि उजव्या बाजूला ६० उरतात. उत्तरच नाही! इथे आयगेन मूल्य नेमके १ आहे. १०० चा शेतमाल आणि १०० चा गिरणीमाल काढला तर दोन्ही एकमेकांच्या पोटात पूर्ण संपतात. कितीही जमीन नांगरा, बाहेर देण्यास दाणाही उरत नाही.

पीक चौथाईवर आले तर? ओळ ०.८ आणि १.२. आयगेन मूल्य सुमारे १.२३. समीकरणे मात्र निमूटपणे उत्तर देतात: श = –१८०. उणे कापूस कोणत्या शेतात पिकतो? गणित चुकलेले नाही. ही व्यवस्था स्वतःच्या बळावर चालूच शकत नाही, हे सांगण्याची त्याची ही तऱ्हा आहे. असे उणे उत्तर कधी येते याची कसोटी हॉकिन्स आणि सायमन यांनी १९४९ मध्ये मांडली. मात्र सगळे आकडे धन असलेल्या आव्यूहाचे सर्वांत मोठे आयगेन मूल्यही धनच असते, हे पेरॉन नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९०७ सालीच सिद्ध केले होते. त्याच्या डोक्यात ना सरकी होती ना पेंड.

एक सावधगिरी हवी. रुपये मोजताना आपण सुकाळातलेच भाव कायम धरले. खऱ्या दुष्काळात कडब्याचे भाव भडकतात. तेव्हा आव्यूहातले रुपये बदलतात, पण क्विंटलांचा हिशेब बदलत नाही. आश्चर्य म्हणजे आयगेन मूल्यही बदलत नाही. माल रुपयांत मोजा की पोत्यांत, ते तेच येते. शेतीच्या ओळीची बेरीज मात्र भावाप्रमाणे वरखाली होते. म्हणून त्या बेरजेवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. अमरावती काही कुंपण घातलेले बेट नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात धान्य बाहेरून आले. आयगेन मूल्य एकाच्या वर गेलेला प्रदेश असा बाहेरच्या मालावर, नाहीतर मागच्या साठ्यावर तग धरतो. तेही जमले नाही की शेतकरी बियाणे खातो आणि बैल विकतो. मग पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि आव्यूह पुन्हा ०.५ वर आला, तरी पहिल्या पावलाला लागणारा बैल गोठ्यात नसतो.