बाहेरचा हरभरा दारात किती रुपयांना पडतो?

शिरपूर जैनच्या पोरांना हरभऱ्याचा भाव तोंडपाठ असतो. त्यांच्यासाठी शेकडेवारीचं हे गणित घ्या : ऑस्ट्रेलियाचा हरभरा अकोल्याच्या दालमिलला क्विंटलमागे कितीला पडेल? भाडं आणि डॉलरचे आकडे आपण सोपे धरलेत. शुल्काचा 10 टक्के दर मात्र एप्रिल 2025 पासून लागू झालेला खरा आहे.

एक कंटेनर, 24 टन. तिकडच्या बंदरावरचा भाव टनाला 560 डॉलर, म्हणजे 13,440 डॉलर. जहाजाचं भाडं 1,440, विमा 120. बेरीज बरोब्बर 15,000 डॉलर. बिलात भाडं-विमा आधीच धरला असेल तर पुन्हा मिळवायचा नाही, म्हणून आधी बिल वाचायला लावा.

आता इथं मुलं हमखास अडकतात. डॉलरचे दर दोन आहेत. शुल्क काढताना कस्टमनं जाहीर केलेला दर लागतो, तो समजा 86 रुपये. पैसे पाठवताना बँकेचा त्या दिवसाचा दर लागतो, तो समजा 87. शिवाय शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नसून भाडं-विम्यासह आहे. 15,000 × 86 = 12,90,000 आणि त्याचे 10 टक्के 1,29,000 रुपये. कोणाचं उत्तर 1,15,584 आलं, तर त्यानं फक्त 13,440 वर शुल्क लावलंय, हे वही न बघताही सांगता येतं.

माल बँकेच्या दरानं 13,05,000 रुपयांचा. त्यात शुल्क मिळवून 14,34,000. न्हावा शेवा बंदरातला खर्च, दलाली आणि अकोल्यापर्यंतचा ट्रक मिळून 66,000 धरू. एकूण 15 लाख.

भागायचं कशानं? 240 क्विंटलनं भागलं तर 6,250 रुपये येतात. पण माती-कचरा आणि घट 1 टक्का गेली, तर हातात 237.6 क्विंटलच राहतो. खर्च मात्र तेवढाच. म्हणजे 6,313 रुपये. बिलावरच्या वजनानं भागू नका, विकता येईल त्या वजनानं भागा.

(मोठ्या वर्गात हे सांगा की यंत्रं, मोबाइल अशा मालावर शुल्कानंतर अधिभार आणि जीएसटीही चढतो, जीएसटीची वजावट मिळणाऱ्या व्यापाऱ्यानं तो किमतीत धरायचा नसतो.)

2025-26 च्या रब्बी खरेदी हंगामात हरभऱ्याचा हमीभाव 5,650 होता. मिलवाला गावचा माल घ्यायचा की बाहेरचा, हे असंच दारातल्या भावावरून ठरवतो. आता वर्गाला विचारा, शुल्क नसतं तर? 1,29,000 वजा होऊन भाव 5,770 वर येतो, आणि गावच्या हरभऱ्याला मिळणारी आघाडी क्विंटलला 543 रुपयांनी घटते. दोन्ही दरांत डॉलर एक रुपयानं वधारला, तर खर्च 16,500 रुपयांनी वाढतो. क्विंटलला सुमारे 69 रुपये. तिकडचा भाव जराही न हलता.