चार सौद्यांत दडलेलं व्याज

अमेरिकेत शेअर्सच्या तारणावर ब्रोकरकडून पैसे उचलले, तर व्याजाचा दर त्याच्या दरपत्रकात छापलेला असतो. तेच पैसे शिकागोच्या ऑप्शन बाजारातून उचलले, तर दर कुठेच लिहिलेला नसतो. तो भागाकार करून काढावा लागतो. या व्यवहाराचं नाव बॉक्स स्प्रेड.

समजा, एकाने 'एस अँड पी ५००' निर्देशांकाचे वर्षभराच्या मुदतीचे चार सौदे एकदम केले. ४००० चा कॉल विकला आणि ५००० चा घेतला. ५००० चा पुट विकला आणि ४००० चा घेतला. मुदतीच्या दिवशी निर्देशांक ४६०० वर असला, तर विकलेल्या कॉलपोटी ६०० आणि विकलेल्या पुटपोटी ४००, असे १००० अंक द्यावे लागतात. तो ५३०० वर गेला, तर कॉलचे १३०० द्यायचे, पण घेतलेल्या कॉलवर ३०० परत येतात. उरले पुन्हा हजारच. ३७०० पर्यंत कोसळला तरी तेच! एका अंकाचे १०० डॉलर, म्हणजे देणं एक लाखाचं, आणि ते पहिल्याच दिवशी ठरलेलं.

हे चार सौदे करताना हातात ९५,२०० डॉलर पडले असतील, तर वर्षाचं व्याज झालं ४,८०० डॉलर, म्हणजे साधारण ५.०४ टक्के. बॉक्स विकणारा ऋणको, विकत घेणारा सावकार. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. मध्ये हमीदार म्हणून क्लिअरिंग संस्था उभी असते.

हा दर सरकारी रोख्यांपेक्षा थोडा जास्त निघतो. व्हान बिन्सबर्गेन, डायमंड आणि ग्रोटेरिया या अभ्यासकांनी २००४ ते २०१८ चे आकडे तपासले, तेव्हा सरासरी फरक सुमारे ०.४ टक्के आला. सरकारी रोखे तारण ठेवायला, चटकन मोडायला सोयीचे असतात, आणि त्या सोयीसाठी लोक थोडं व्याज सोडतात. बॉक्समध्ये ती सोय नसते, म्हणून निव्वळ काळाची किंमत तिथे उघडी दिसते.

मात्र कर्जदाराला मार्जिन ठेवावं लागतं. त्यापोटी ठेवलेले शेअर्स पडले, तर बॉक्स जागचा न हलताही ब्रोकर आणखी पैसे मागतो.

खरा खड्डा ऑप्शनच्या जातीत आहे. 'एस अँड पी ५००' निर्देशांकाचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे मुदत संपल्यावरच वापरता येणारे. जानेवारी २०१९ मध्ये रॉबिनहूडच्या एका ग्राहकाने 'यूव्हीएक्सवाय' या फंडाच्या ऑप्शनवर बॉक्स विकले. ते अमेरिकन पद्धतीचे होते, मुदतीआधी कधीही वापरता येणारे. समोरच्यांनी आपले ऑप्शन आधीच वापरले, चौकटीची एक बाजू निखळली आणि ठरलेलं देणं एकदम दारात आलं. सुमारे पाच हजार डॉलरच्या खात्यावर पन्नास हजारांहून अधिक तोटा झाला. त्यानंतर रॉबिनहूडने बॉक्स स्प्रेडच बंद केले.