स्वस्त क्लिक, महाग ऑर्डर

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात देताना आपण फोटो आणि मजकूर देतो, बजेट ठरवतो. जाहिरात नेमकी कुठे दिसावी, हे आपण वेगळं सांगितलं नाही तर मेटाची यंत्रणाच ठरवते. कधी ती फीडमध्ये मित्रमंडळींच्या पोस्टच्या मध्ये दिसते, कधी स्टोरीजमध्ये पडदाभर, तर कधी मेटाशी जोडलेल्या दुसऱ्याच कंपन्यांच्या गेममध्ये आणि मोफत अ‍ॅपमध्ये. या तिसऱ्या जागेचं पडद्यावरचं नाव Audience Network. पैसे कुठे किती गेले हे पाहायचं असेल तर Ads Manager मध्ये Breakdown उघडून Placement निवडायचं. तिथे प्रत्येक जागेची वेगळी ओळ दिसते आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते.

समजा, सोलापुरातली एक चादर विकणारी छोटी पेढी आहे. तिने स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डर याव्यात म्हणून दोन आठवड्यांत 20,000 रुपये खर्च केले. फीडवर 12,000 गेले, 1,500 क्लिक आले. म्हणजे क्लिकला 8 रुपये. स्टोरीजवर 5,000 रुपयांत 500 क्लिक, म्हणजे 10 रुपये. भागीदार अ‍ॅपवर 3,000 रुपयांत 1,500 क्लिक, अवघे 2 रुपये. नुसता क्लिकचा भाव पाहिला तर सगळा पैसा अ‍ॅपकडे वळवावासा वाटेल.

पण पुढचा रकाना पाहा. ‘लँडिंग पेज व्ह्यू’ म्हणजे क्लिकनंतर पान खरोखर उघडलं का, याची मोजणी. फीडच्या 1,500 क्लिकपैकी 1,200 वेळा पान उघडलं, अ‍ॅपच्या 1,500 पैकी फक्त 180 वेळा. गेम खेळताना जाहिरात बंद करायला गेलेलं बोट चुकून तिच्यावरच पडतं आणि पान उघडायच्या आत माणूस परत फिरतो. क्लिकचे पैसे मात्र लागलेले असतात. क्लिक आणि पान उघडणं यांत एवढी दरी दिसली की तिथला स्वस्त भाव फसवा आहे असं समजावं. या 3,000 रुपयांतून ऑर्डर एकही आली नाही.

हा दोष बहुतेक वेळा आपणच यंत्रणेला दिलेल्या उद्दिष्टातून येतो. ‘जास्तीत जास्त क्लिक’ मागितले की ती स्वस्त क्लिकच शोधणार. ‘खरेदी’ हे उद्दिष्ट दिलं तर अ‍ॅपवरचा खर्च बऱ्याचदा आपोआप घटतो. म्हणून जागा वगळण्याआधी उद्दिष्ट तपासणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्टोरीजचा प्रश्न जास्त नाजूक आहे. फीडवर 40 ऑर्डर आल्या, प्रत्येकी 300 रुपयांना. स्टोरीजवर 10 आल्या, प्रत्येकी 500 ला. कोणालाही वाटेल, स्टोरीज बंद करा आणि ते 5,000 फीडला द्या. इथेच घात होतो. 300 ही फीडची सरासरी आहे. तिथली पुढची ऑर्डर कितीला पडेल, हे ती सांगत नाही. सहज घेणारे गिऱ्हाईक आधी येऊन गेलेलं असतं. मग त्याच लोकांना तीच चादर पुन्हा पुन्हा दाखवावी लागते. वाढीव 5,000 रुपयांत फीडवर 8 च ऑर्डर आल्या तर त्या प्रत्येकी 625 ला पडल्या, आणि एकूण 50 च्या जागी 48 झाल्या. यंत्रणा पुढच्या ऑर्डरचा भाव बघून पैसे वाटते आणि आपल्याला अहवालात सरासरी दिसते. मेटाने याला ‘ब्रेकडाउन इफेक्ट’ असं नाव दिलं आहे.

शिवाय 10 ऑर्डर म्हणजे फारच थोड्या. पुढच्या पंधरवड्यात त्याच 6 होतील किंवा 15 ही होतील. एवढ्यावरून एखादी जागा कायमची बंद करू नये.

स्टोरीज महाग पडण्याचं कारण पुष्कळदा जाहिरातीतच सापडतं. फीडसाठी काढलेला चौकोनी फोटो तसाच स्टोरीजमध्ये गेला की वर-खाली रिकामी जागा उरते. उभा फोटो दिला तरी तळाशी लिहिलेली किंमत बटणामागे झाकली जाते. स्टोरीजसाठी 1080 बाय 1920 पिक्सेलचं वेगळं चित्र करावं. वरचा सुमारे 14 टक्के आणि खालचा 20 टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवावा.

तरीही शंका उरली तर A/B चाचणी लावावी. एका गटाला सगळ्या जागा, दुसऱ्याला स्टोरीज वगळून. बजेट सारखं, माणसं वेगळी, मुदत निदान दोन आठवडे. मध्येच जागा बदलत बसलं तर यंत्रणेचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं आणि तेवढे दिवस आकडे वर-खाली होत राहतात.

सोलापूरच्या पेढीपुरतं मी असं सांगेन: उद्दिष्ट आधीच ‘खरेदी’ असेल आणि तरी अ‍ॅपवर 3,000 जात असतील, तर ती जागा अ‍ॅड सेटच्या पातळीवर वगळावी. स्टोरीज नव्या चित्रासह चालू ठेवावी. आणि दोन आठवड्यांनी एकूण खर्चाला एकूण ऑर्डरींनी भागावं. आज तो आकडा 400 आहे. तो उतरला तरच वगळणं बरोबर ठरलं.