पदर सुटलेला उंच स्कोन

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉल ही दोन परगणी आहेत. तिथे दुपारच्या चहाबरोबर स्कोन, जॅम आणि घट्ट साय खातात. आधी साय लावायची की जॅम, यावरून दोन्हीकडच्या लोकांचं जुनं भांडण आहे. डेव्हनमध्ये साय आधी, कॉर्नवॉलमध्ये जॅम. पण स्कोन बसका झाला असेल, तर काहीही आधी लावा, मजा येत नाही. चांगला स्कोन उंच असतो, त्याच्या कडेला आडवी भेग दिसते आणि तिथून तो सुरीशिवाय, नुसत्या हातानेच दुभंगतो.

साहित्य अगदी साधं आहे: २५० ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, ७५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि साधारण १२० मिली थंड दूध. एवढ्यात पाच सेंटिमीटरचे सात-आठ स्कोन होतात. सगळी करामत लोण्याची आहे.

शंकरपाळ्यांत आपण मोहन कडकडीत घालतो. पातळ तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि शंकरपाळी खुसखुशीत होते. स्कोनमध्ये नेमकं उलटं हवं. लोणी पिठात मुरता कामा नये, त्याचे घट्ट तुकडे पिठात तसेच राहायला हवेत. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. तापलेल्या ओव्हनमध्ये तुकडा वितळला की त्याच्या जागी पोकळी उरते, पाण्याची वाफ होते आणि ती वरचं पीठ उचलते. बेकिंग पावडरचा वायूही त्याच वेळी फुलत असतो. या दोहोंच्या जोरावर पदर सुटतात.

लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर तेवढं सहज तापतं, आणि तळहात तर बारा महिने गरमच. म्हणून लोण्याचे छोटे चौकोन कापून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मैदाही फ्रिजमध्ये गार करून घ्या. मग फक्त बोटांच्या टोकांनी लोणी पिठात झटपट कुस्करा. काही कण रव्याएवढे झाले आणि काही तुकडे वाटाण्याएवढे चपटे राहिले, की थांबा. हाताला तेलकट लागायला लागलं तर परात सरळ फ्रिजमध्ये सरकवा.

आता दूध घालून सुरीने कालवा. पोळीची कणीक तिंबणाऱ्या हाताला इथे आवर घालावा लागतो. ओलं पीठ मळलं की त्यात ग्लूटेनचे चिवट धागे तयार होतात. ते ताणून धरतात आणि स्कोन फुगण्याऐवजी आखडतो, खाताना चिवट लागतो. गोळा ओबडधोबड, किंचित चिकट असला तरी चालेल. ओट्यावर थोडा मैदा भुरभुरून तो हातानेच थापा, मध्यावर घडी घाला, पुन्हा थापा. अशा दोन-तीन घड्या पुरतात. शेवटी जाडी अडीच सेंटिमीटर ठेवा. पातळ थापलेला स्कोन भट्टीत उंच होत नाही.

कापणं मला सर्वांत नाजूक काम वाटतं. धारदार पत्र्याचा गोल साचा मैद्यात बुडवा, सरळ खाली दाबा आणि सरळच वर उचला. सवयीने मनगट फिरतं, तेवढं टाळा. साचा पिळला की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात, जणू कड लिंपली जाते, आणि स्कोन एका बाजूने उचलून कलतो. ग्लासची जाड कड पीठ कापत नाही, चेपते. तिचाही परिणाम तोच. साचा नसेल तर धारदार सुरीने चौकोन पाडा. दूध लावायचं ते फक्त माथ्यावर. ओघळून बाजूला गेलं तरी कड चिकटते. उरलेले तुकडे न मळता एकमेकांवर रचून थापा. त्यांचे स्कोन थोडे वेडेवाकडे होतात, चवीला तेच.

कापलेले स्कोन वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तोवर ओव्हन २२० अंशांवर तापवा. माथा सोनेरी व्हायला १२ ते १५ मिनिटं लागतात. बिघडलं तर ट्रेकडे पाहा: लोण्याचं तळं साचलं असेल, तर लोणी आधीच मऊ पडलं होतं. तळं नाही, तरी स्कोन बसका आणि दडस असेल, तर बेकिंग पावडर जुनी असण्याची शक्यता मोठी. चमचाभर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली नाही तर नवी आणा.

स्कोन दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. म्हणून लागतील तेवढेच भाजा. बाकीचे कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवा आणि खायच्या दिवशी न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला. चार-पाच मिनिटं जास्त लागतील.