वारूळ व कवकशेती (वाळवीची)

वारूळ : वाळवीच्या काही जातींनी जमिनीवर उभारलेला मातीचा कठीण ढिगारा. मराठीत वारुळाचा संबंध सापाशी जोडला जातो व नागपंचमीस त्याची पूजाही होते. परंतु साप वारूळ बांधीत नाही, वाळवीने सोडून दिलेल्या वारुळात तो आश्रय घेतो. दुसरा समज असा की, वाळवी वारुळात राहते. तोही बराचसा चुकीचा आहे. दख्खनच्या माळावर आणि दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या ओडोंटोटर्मिस ओबेसस  या जातीचे जमिनीवरचे सु. १ ते २ मी. उंचीचे वारूळ जवळजवळ रिकामे असते. राणी, राजा, पिल्ले आणि ज्यावर सर्वांचे पोषण अवलंबून असते ती कवकाची (बुरशीची) पोळी ही सर्व त्याच्या तळाशी, बहुतांशी जमिनीखाली, असतात. वरच्या ढिगाऱ्यात रुंद, मोकळ्या नळ्यांचे जाळे असते. ते कशासाठी, हे समजण्यास खालच्या शेतीपासून आरंभ करावा लागतो.

वाळवीचा पूर्वी स्वतंत्र गण मानीत असत. आता ती झुरळांच्याच गणात (ब्लॅटोडियात) समाविष्ट करतात. लाकूड खाणाऱ्या प्राण्यापुढे दोन अडचणी असतात. लाकडातील सेल्युलोज लिग्निन या चिवट द्रव्याने वेढलेले असते व लिग्निनाचे विघटन करणे बहुतेक प्राण्यांना जमत नाही. शिवाय लाकडात नायट्रोजन फार थोडा असतो. वाळवीच्या अनेक आदिम प्रकारांत आतड्यातील एककोशिक जीव लाकूड पचविण्यास साहाय्य करतात. मॅक्रोटर्मिटिनी या उपकुलातील सु. ३३० जातींत मात्र ते जीव नाहीत. त्यांनी पचनाचे बरेचसे काम शरीराबाहेर, टर्मिटोमायसीज  या प्रजातीतील कवकाकडे सोपविले आहे. ही भागीदारी आफ्रिकेत सु. ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तेव्हापासून या उपकुलातील एकाही जातीने ती सोडल्याचे आढळलेले नाही. तिची पहिली शास्त्रीय नोंद भारतातच झाली : लिनीअस यांचे शिष्य योहान ग्येऱ्हार्ट केनिख यांनी तरंगंबाडी येथील वास्तव्यात वाळवीच्या घरट्यातील कवकबागांचे निरीक्षण केले व ते १७७९ मध्ये प्रसिद्ध केले. कवकाच्या प्रजातीस सध्याचे नाव फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉझे एम यांनी १९४२ मध्ये दिले.

लाकडाच्या एका कणाचा प्रवास पाहिला, तर ही शेती नीट कळते. वयाने मोठे कामकरी मातीच्या आवरणाखालून जाऊन वाळके लाकूड, पालापाचोळा, गवत किंवा शेण आणतात. घरट्यातील तरुण कामकरी ते खातात आणि त्याबरोबर जुन्या पोळ्यावर उगवलेल्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गुटिकाही खातात. या गुटिका म्हणजे कवकाच्या तंतूंची गाठोडी होत. त्यांत अलैंगिक बीजाणू असतात. मिश्रण आतड्यातून लवकर पुढे सरकते व जवळजवळ न पचताच बाहेर पडते. तरीही या अल्प मुक्कामात लिग्निनाची वीण काही प्रमाणात सैल होते, असे चीनमधील ओडोंटोटर्मिस फॉर्मोसॅनस  या जातीवरील संशोधनात २०१७ मध्ये दिसून आले. ही विष्ठा कामकरी पोळ्याच्या वरच्या कडेवर लिंपतात. म्हणजे एकाच कृतीत नांगरट, खत आणि पेरणी उरकते, कारण बीजाणू आतड्यातून सुखरूप बाहेर येतात.

पोळे दिसायला स्पंजासारखे, घड्या व भोके असलेले असते. लिंपलेल्या थरात कवकाचे तंतू झपाट्याने पसरतात. काही दिवसांत त्यावर गुटिका उमटतात आणि तरुण कामकरी त्या खुडून पुन्हा नव्या पेरणीस वापरतात. थर जसजसा जुना होतो, तसतसे कवक त्यातील लिग्निन व सेल्युलोज यांचे विघटन करते. कार्बनाचा मोठा भाग श्वसनात कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने निघून जातो आणि उरलेल्या द्रव्यात नायट्रोजनाचे प्रमाण वाढते. सु. दीड-दोन महिन्यांनी तळाचा जुना भाग वयस्क कामकरी खातात. लाकूड तेव्हा खऱ्या अर्थाने पचते व विष्ठा अगदी थोडी उरते. पोळे वरून वाढते व खालून संपते. ते घरट्यातील साठा नसून चालता कारखाना आहे.

एका वसाहतीत कवकाचा साधारणतः एकच वाण असतो. प्रत्येक पेरणीत जो वाण अधिक गुटिका देतो त्याचेच बीजाणू अधिक पेरले जातात, त्यामुळे थोड्याच काळात बाकीचे वाण मागे पडतात. अशा एकाच वाणाच्या शेतीला तणाचा धोका असतो आणि तो येथेही आहे. पोळ्यात स्यूडोझायलेरिया  हे दुसरे कवक सुप्तावस्थेत असते. पोळे घरट्यातून काढून कामकऱ्यांविना दमट पेटीत ठेवले, तर काही दिवसांतच या तणाचे तंतू बाहेर पडून पोळे व्यापतात. कामकरी सोबत असल्यास असे घडत नाही. कामकरी पोळ्याची सतत साफसफाई करतात, पोळ्यातील काही सूक्ष्मजंतूही तणाला आवर घालतात आणि संसर्ग झालेला भाग ओडोंटोटर्मिस ओबेसस चे कामकरी मातीच्या गोळ्यांखाली गाडतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले आहे. उत्खननात तणाने काळवंडलेली पोळी आढळली, तर वसाहत मेली आहे किंवा मरणपंथास लागली आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता हवेचा प्रश्न. लाखो किडे आणि त्यांच्याहून अधिक श्वसन करणारे कवक जमिनीखाली कोंडलेले असते. दमटपणा टिकविणे भाग असल्याने घरट्याला उघडी खिडकी ठेवता येत नाही. या जातीच्या वारुळाला बाहेरून एकही मोकळे भोक नसते. मग कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो कसा? स्विस प्राणिवैज्ञानिक मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये आफ्रिकेतील वारुळांवरून एक उपपत्ती मांडली. वसाहतीच्या उष्णतेने तापलेली हवा मधल्या पोकळीतून वर चढते, कडेच्या नळ्यांतून उतरताना भिंतीतून वायूंची देवघेव होऊन ती थंड होते व पुन्हा घरट्यात येते, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना इतकी सुटसुटीत होती की, पुढे हरारे (झिंबाब्वे) येथे १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या ईस्टगेट सेंटर या इमारतीच्या रचनेलाही तिने प्रेरणा दिली. मात्र नळ्यांतील प्रवाह तोवर कोणी प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. जे. स्कॉट टर्नर यांनी नामिबियातील वारुळांत मागोवा घेण्यासाठी दुसरा वायू सोडून प्रयोग केले, तेव्हा तेथे वाऱ्याच्या झोतांचा प्रभाव मोठा असल्याचे दिसले (२००१).

ओडोंटोटर्मिस ओबेसस च्या बाबतीत उत्तर बंगलोर येथील वारुळांवर मिळाले. हंटर किंग, सॅम्युएल ओको व एल्. महादेवन यांनी नळ्यांत लहान संवेदक घालून हवेची गती मोजली (२०१५). काम सोपे नव्हते, कारण कामकरी परकी वस्तू दिसताच तिच्यावर ओली माती थापू लागतात. या वारुळाला बाहेरून उभे कंगोरे असतात. प्रत्येक कंगोऱ्याच्या आत पातळ भिंतीची नळी आणि मध्यभागी जाड मातीने वेढलेले धुराडे असते. दिवसा उन्हाने कंगोरे लवकर तापतात व गाभा मागे राहतो. त्यामुळे हवा कंगोऱ्यांतून वर चढते आणि धुराड्यातून खाली उतरते. रात्री कंगोरे लवकर निवतात, गाभा उबदार राहतो आणि प्रवाह उलटा फिरतो. प्रवाहाची गती सेकंदाला काही सेंमी. एवढीच असते. ल्यूशर यांच्या उपपत्तीत प्रवाहाची दिशा कायम एकच असावयास हवी होती. येथे ती दिवसातून दोनदा बदलते. वसाहत नसलेल्या मोकळ्या वारुळातही असाच प्रवाह आढळला. म्हणजे ही हालचाल वसाहतीच्या उष्णतेवर चालत नसून दिवस व रात्र यांच्या तापमानांतील फरकावर चालते.

हे वायुवीजन अखंड नसते. दिवसा वर ऊन हवा व खाली थंड हवा असे थर बसतात, घरट्यातील हवा तेथेच साचते आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण शेकडा ६ च्या जवळपास पोहोचते. रात्री गाभ्यातील उबदार हवा वर चढू लागली की, साचलेला वायू कंगोऱ्यांच्या पातळ भिंतींपर्यंत येतो, मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून विसरित होतो (पसरत बाहेर जातो) आणि प्रमाण शेकडा १ च्याही खाली येते. वारूळ दिवसातून एकदाच खोल उच्छ्‌वास टाकते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. वारुळामुळे घरट्याचे तापमान वर्षभर अगदी स्थिर राहते, हे विधान मात्र सरसकट खरे नाही. घरटे जमिनीत असल्याने दैनंदिन चढउतार तेथे थोडाच पोहोचतो. ऋतुमानाचा परिणाम होतोच.

भिंत सच्छिद्र हवी आणि पावसात ढासळताही कामा नये, या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. कामकरी ओलसर मातीचे बारीक गोळे तोंडाने मळून एकावर एक बसवितात. माती अतिशय कोरडी असली तर गोळा चिकटत नाही आणि फार ओली असली तर आकार धरीत नाही. म्हणून ते तिच्यातील ओलावा घडणीस योग्य अशा मर्यादेत ठेवतात. बंगलोर येथेच झालेल्या अभ्यासात (२०२०) या वारुळाचा गाभा घट्ट व बाहेरचे कवच सच्छिद्र असल्याचे दिसले. गाभा भार पेलतो, तर कवच श्वास घेते. वारुळाला भोक पाडल्यास काही वेळातच आतून कामकरी येऊन ओल्या मातीने ते बुजवू लागतात. दुसऱ्या दिवशीही भोक तसेच राहिले आणि नव्या मातीचा गडद डाग कोठेच दिसला नाही, तर वारूळ ओसाड आहे असे ओळखावे. उलट, वरचा ढिगारा कुदळीने सपाट केल्याने वसाहत मरत नाही, कारण राणी व पोळी खाली सुरक्षित असतात. शेतकऱ्याचे श्रम यामुळे अनेकदा वाया जातात.

पहिल्या पावसानंतर पंखधारी नर-मादी उडतात, पंख गाळतात व जोडीने जमिनीत शिरतात. बहुतेक जातींत त्यांच्याजवळ कवक नसते. पहिले कामकरी तयार होऊन बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात; जुन्या वारुळांवर त्या सुमारास भूछत्रे उगवून त्यांचे बीजाणू आसपास पडलेले असतात. नवे कामकरी चाऱ्याबरोबर ते उचलून आणतात आणि पहिले पोळे लावतात. बीजाणू न मिळाल्यास वसाहत टिकत नाही. आफ्रिकेतील मॅक्रोटर्मिस बेलिकोसस  या जातीत नर आणि मायक्रोटर्मिस  प्रजातीत मादी कवक आतड्यातून बरोबर नेते, तेव्हा त्यांना ही वाट पाहावी लागत नाही.

कोकण आणि गोवा येथे पावसाळ्यात वारुळांवर व त्यांच्या आसपास उगवणारी अळंबी ती हीच भूछत्रे होत. त्यांचा देठ जमिनीत मुळासारखा लांब गेलेला असतो. जपून खणत गेल्यास त्याचे टोक थेट पोळ्यापर्यंत पोहोचते. कामकरी गुटिका खुडीत राहतात तोवर भूछत्र तयार होत नाही; त्यांच्या तावडीतून सुटलेली गाठच वर वाढते. ही अळंबी रुचकर असल्याने तिला चांगला भाव मिळतो. तिचे तंतू प्रयोगशाळेत वाढविता येतात. परंतु वाळवीविना तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही, त्यामुळे बाजारात येणारी सर्व अळंबी रानातील वारुळांवरूनच गोळा करावी लागते.