एका कप्प्यावर अनेक दावेदार

लाखो नोंदींतून हवी ती नोंद जवळपास एका उडीत सापडावी, म्हणून प्रोग्रामर हॅश टेबल वापरतात. प्रत्येक नोंदीला एक ‘की’ असते आणि त्या कीवर केलेलं गणित नोंदीचा कप्पा ठरवतं. समजा कप्पे ८ आहेत, ० ते ७, आणि गणित म्हणजे फक्त ८ने भागून उरणारी बाकी. मग १८, २६ आणि १० या तिन्ही कींना कप्पा क्रमांक २ मिळतो. हेच कोलिजन.

ते निस्तरण्याचा पहिला मार्ग साखळीचा, म्हणजे चेनिंगचा. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी तो १९५३ मध्ये मांडला. कप्पा २ मध्ये तिन्ही नोंदींची यादी होते आणि शोधताना ती ओळीने तपासली जाते. ११ची बाकी ३, तिचा कप्पा मोकळाच राहतो.

दुसऱ्या मार्गात, ओपन ॲड्रेसिंगमध्ये, एका कप्प्यात एकच नोंद बसते. कप्पा भरलेला असेल तर पुढचा मोकळा कप्पा घ्यायचा. म्हणून १८ कप्पा २ मध्ये, २६ कप्पा ३ मध्ये, १० कप्पा ४ मध्ये जाते. आता ११ आली, तर तिचा कप्पा ३ परक्या नोंदीने अडवलेला. तिला थेट ५ गाठावा लागतो. भरलेल्या कप्प्यांचा असा सलग पुंजका वाढत जातो.

खोडताना आणखी एक अडचण येते. २६ काढून कप्पा ३ रिकामा केला आणि मग १० शोधली, तर शोध ३वर थांबतो आणि नोंद असूनही ‘नाही’ असं उत्तर मिळतं. म्हणून तिथे ‘इथे कोणीतरी होतं’ अशी खूण ठेवतात. टेबल किती भरलं हे मोजताना या खुणाही धराव्या लागतात.

नोंदींची संख्या भागिले कप्पे, हा लोड फॅक्टर. नसलेली की शोधताना पुढचा-पुढचा कप्पा पाहण्याच्या पद्धतीत, टेबल निम्मं भरलेलं असेल तर सरासरी अडीच कप्पे पाहावे लागतात. पाऊण भरलं की साडेआठ, आणि ९० टक्क्यांना सुमारे ५०. साखळीत मात्र ९० टक्क्यांनाही तपासायच्या नोंदी सरासरी एकाहून कमीच असतात.

म्हणूनच पायथनचा `dict` ओपन ॲड्रेसिंग वापरतो आणि दोन-तृतीयांश भरताच टेबल वाढवतो. जावाचा `HashMap` साखळ्या वापरतो. त्याची मर्यादा ०.७५ आहे, त्यामुळे १६ कप्प्यांत तेरावी नोंद येताच कप्पे ३२ होतात.

कप्पे बदलले की बाकीही बदलते, म्हणून प्रत्येक नोंदीची जागा नव्याने ठरवावी लागते. १६ कप्प्यांत १८ कप्पा २ मध्येच राहते, पण २६ आणि १० दोघी कप्पा १०वर जातात. दरवेळी दुप्पट केल्याने ही हलवाहलव सरासरीत स्वस्त पडते, तरी ती घडवणारी एखादी नोंद मात्र बराच वेळ खाते. रेडिस हा डेटाबेस त्यासाठी जुनं आणि नवं टेबल काही काळ शेजारी ठेवून नोंदी थोड्या-थोड्या हलवतो. तोवर शोधताना दोन्ही टेबलं पाहावी लागू शकतात.