कधीमधी घालायचं घड्याळ: चावीचं की ऑटोमॅटिक?

मनगटावर रोज घड्याळ लावणारी माणसं आता कमी झाली. वेळ मोबाइलवर दिसते. पण लग्नकार्य, सण, महत्त्वाची बैठक अशा वेळी मात्र एखादं चांगलं, काट्यांचं, सेलशिवाय चालणारं घड्याळ हातात असावं असं अनेकांना वाटतं. अशी माणसं दुकानात गेली की विक्रेता हमखास ऑटोमॅटिक घड्याळ पुढे करतो. ‘चावी द्यायची कटकट नाही’ हे त्याचं म्हणणं खरंच असतं, पण रोज घड्याळ घालणाऱ्यापुरतंच. महिन्यातून दोनदा घालणाऱ्यासाठी हिशेब बरोबर उलटा होतो.

दोन्ही प्रकारांत काळ मोजणारं यंत्र जवळपास सारखंच असतं. पोलादी मिश्रधातूची साधारण फूटभर लांब पातळ पट्टी एका छोट्या गोल डबीत गुंडाळलेली असते. ही मुख्य स्प्रिंग. ती आवळली की तिच्यात ताकद साठते आणि उलगडताना ती दातेरी चाकांची साखळी फिरवते. शेवटी बॅलन्स व्हील नावाचं एक चाक पुढेमागे झुलत ही ताकद मोजून-मापून सोडतं. घड्याळाची टिकटिक तिथून येते. फरक आहे तो स्प्रिंग कोण आवळतं यात. चावीच्या घड्याळात ते काम आपली बोटं करतात. ऑटोमॅटिकमध्ये मागच्या झाकणाखाली रोटर नावाचं अर्धवर्तुळाकार वजन बसवलेलं असतं. हात हलला की ते फिरतं आणि त्याच्या फिरण्याने स्प्रिंग थोडी थोडी आवळली जाते.

मनगटी घड्याळात ही कल्पना व्यापारी पातळीवर आणली जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने, 1920च्या दशकात. त्याचा हेतू मजेशीर होता. चावीचा कष्ट वाचवणं हे त्याच्या मनात दुय्यम होतं. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल शिरते ती चावीच्या भोकातून, हे त्याने पाहिलं होतं आणि ते भोकच बंद करायचं त्याने ठरवलं. त्याच्या घड्याळाला चावी नव्हतीच, काचेभोवतीची कडा फिरवून वेळ लावायची. पुढे 1931मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला आणि आजच्या ऑटोमॅटिकचा साचा ठरला. ही सगळी रचना घड्याळ दिवसभर हातावर आहे असं धरून केलेली आहे. ते कपाटात असेल तर रोटर हलत नाही आणि साठवलेली ताकद साधारण 40 तासांत संपते.

समजा एकाकडे सेको 5 मालिकेतलं जुनं, आत 7S26 यंत्र असलेलं घड्याळ आहे. भारतात हे घड्याळ खूप विकलं गेलं आणि टिकाऊपणासाठी त्याचं नाव आहे. त्यात तारीख आणि वार दोन्ही दिसतात, पण चावी फिरवून स्प्रिंग आवळायची सोय नाही. आज शनिवार, 24 तारीख, संध्याकाळी साडेसहाला एका रिसेप्शनला निघायचं आहे. कपाटातून काढलेलं घड्याळ 11 वाजून 10 मिनिटांवर थांबलेलं, तारीख 2.

आता ते 11:10 सकाळचे की रात्रीचे, हे काट्यांकडे बघून कळत नाही. कळणं मात्र गरजेचं असतं, कारण रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख बदलणारी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. त्या वेळी चावीने तारीख पटकन पुढे ढकलली तर दाता मोडू शकतो. म्हणून आधी काटे सहाच्या आसपास आणायचे. सकाळचे सहा असोत की संध्याकाळचे, दोन्ही सुरक्षित. मग तारीख 23 आणि वार शुक्रवार लावायचा, म्हणजे कालचा. त्यानंतर काटे पुढे फिरवत राहायचं. तारीख 24 झाली की घड्याळात मध्यरात्र झाली. तिथून आणखी पुढे, दुपारचे बारा ओलांडून, साडेसहापर्यंत. ही पायरी टाळून थेट 24 लावली, तर निम्म्या वेळा तारीख दुपारी बारालाच उडी मारेल.

एवढं करूनही घड्याळात ताकद नाहीच. ते आडवं धरून अर्धा मिनिट डावी-उजवीकडे हलवलं की सुरू होतं, पण स्प्रिंग जेमतेम आवळलेली असते. पुढचे चार-पाच तास खुर्चीत बसण्यात, ताट धरण्यात आणि फोटोला उभं राहण्यात जातात. रोटरला भरपूर हालचाल लागते. स्प्रिंग पूर्ण आवळायला घड्याळ जवळजवळ दिवसभर हातावर असावं लागतं. परिणामी रात्री घड्याळ काढून ठेवलं की बहुधा दुसऱ्या सकाळी ते पुन्हा थांबलेलं सापडतं. शिवाय अर्धवट आवळलेल्या स्प्रिंगवर बॅलन्स व्हीलचा झोका लहान पडतो आणि वेळही बिघडते. कधीमधी घालणाऱ्याच्या हातावर ऑटोमॅटिक घड्याळ पूर्ण ताकदीने चालण्याची वेळ क्वचितच येते. अशा लोकांची ‘चांगलं घड्याळ, पण वेळ नीट दाखवत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

याच प्रसंगी एचएमटी जनता हातात घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरूला घड्याळं बनवायला 1961मध्ये सुरुवात केली. जनता हे त्यांचं साधं, 17 ज्वेलचं, चावीचं घड्याळ, तारखेविना. चावी 25-30 वेळा पुढेमागे फिरवली की ती घट्ट होऊन थांबते. स्प्रिंग भरली. चावी बाहेर ओढून साडेसहा लावले, आत दाबली, झालं. मिनिटभराचं काम, आणि घड्याळ पहिल्या सेकंदापासून पूर्ण ताकदीने चालतं, मग तुम्ही हात हलवा की न हलवा. दुसऱ्या दिवशी घालायचं नसेल तर ते आपोआप थांबेल, त्याने काही बिघडत नाही.

चावीबद्दल एक जुनी भीती मात्र घराघरांत आहे: चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बंद पडलं. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं असतं, त्यामुळे ती पूर्ण आवळली की चावी पुढे जातच नाही. त्या ठिकाणी थांबायचं. तिथे जोर लावला तर मात्र स्प्रिंग किंवा तिला उलटं फिरू न देणारी खिट्टी तुटू शकते. चावी भरलेली असूनही घड्याळ बंद असेल, तर दोष चावीचा नसून बहुधा आतलं तेल सुकलेलं असतं किंवा घाण साचलेली असते. ऑटोमॅटिकमध्ये हेच टोक पक्कं नसतं. ते डबीच्या भिंतीला दाबून धरलेलं असतं आणि स्प्रिंग भरली की भिंतीवरून घसरतं. नाहीतर दिवसभर हलणाऱ्या हाताने ते कधीच तुटलं असतं. म्हणूनच चावी देता येणारं ऑटोमॅटिक कितीही फिरवलं तरी घट्ट होऊन थांबत नाही.

होय, चावी देता येणारी ऑटोमॅटिकही असतात, आणि ऑटोमॅटिकच हवं असेल तर तेच घ्यावं. सेको 5 स्पोर्ट्स या 2019 पासूनच्या मालिकेतलं 4R36 यंत्र असं आहे, स्विस घड्याळांतलं ईटीए 2824 सुद्धा. दुकानात थांबलेलं घड्याळ मागा आणि चावी बाहेर न ओढता घड्याळाच्या दिशेने काही वेळा फिरवा. सेकंदकाटा सुरू झाला आणि बोटांना बारीक करकर जाणवली तर सोय आहे. घालण्याआधी 20-30 फेरे दिले की ते तुमच्या पूर्ण संध्याकाळीला पुरेल. पण त्याला रोज अशी चावी देण्याची सवय लावू नये. ऑटोमॅटिकच्या आवळणाऱ्या चाकांची रचना प्रामुख्याने रोटरच्या हलक्या ताकदीसाठी असते. महिन्यातून दोनदा चावी दिल्याने काही होत नाही.

‘80 तास चालतं’ ही जाहिरात अलीकडे बरीच दिसते. तिसॉटच्या पॉवरमॅटिक 80 यंत्राचं हेच वैशिष्ट्य आहे. आठवड्यात दोन घड्याळं आलटून-पालटून घालणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे: शुक्रवारी काढलं तर सोमवारी सकाळी चालू मिळतं. महिन्याने काढणाऱ्याला 40 काय आणि 80 काय, घड्याळ बंदच मिळणार. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पुन्हा सुरू करणं किती सोपं आहे. त्यात सगळ्यात मोठा अडथळा तारखेचा. म्हणून माझं मत असं की कधीमधी घालायच्या घड्याळात तारीख नसलेलीच बरी.

घड्याळ स्वतः फिरवत ठेवणारी विजेची पेटीही मिळते. तिच्या विक्रीसाठी ‘बंद राहिलं की तेल गोठतं’ असं सांगितलं जातं. आजची कृत्रिम तेलं नुसत्या थांबण्याने तशी गोठत नाहीत, उलट यंत्र विनाकारण अहोरात्र चालवलं तर झीज होते. पेटीचा खर्च घड्याळाच्या सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवावा.

चावीच्या घड्याळाचा एक फायदा दिसण्यातलाही आहे. रोटर नसल्याने यंत्र पातळ असतं. ईटीएचं चावीचं 7001 यंत्र 2.5 मिलिमीटर जाडीचं, तर ऑटोमॅटिक 2824-2 हे 4.6 मिलिमीटरचं. केस, काच, झाकण धरून हा फरक शर्टाच्या कफाखाली किंवा शेरवानीच्या बाहीत स्पष्ट जाणवतो. उणीव अशी की साध्या चावीच्या घड्याळांत पाण्यापासून संरक्षण कमी असतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावी लागतात.

जुनं जनता विकत घ्यायचं असेल तर एक सावधगिरी. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016मध्ये घेतला. आज ऑनलाइन स्वस्तात दिसणारी चकचकीत, रंगीबेरंगी डायलची बरीच घड्याळं वेगवेगळ्या जुन्या सुट्या भागांतून जोडलेली आणि डायल नव्याने रंगवलेली असतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ती चालतात, पण किती दिवस, ते सांगता येत नाही. घेतल्यावर चावी पूर्ण भरा, घड्याळ डायल वर करून टेबलावर ठेवा आणि सुरू केल्याची वेळ लिहून ठेवा. दीड दिवसाच्या आसपास चाललं तर ठीक. 24 तासही टिकलं नाही तर ते घड्याळजीकडे न्या, आणि विक्रेता परत घेत असेल तर आधी परत करा.